लेप्टोची टेस्ट निगेटिव्ह आली, तरी डॉक्टरांनी गोळी दिली. सुरू करावी का?

शलाका_परळ (रविवार, रात्री १०.०५)

मंडळी, घरात वाद चाललाय म्हणून विचारते.

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, वय ३४, परळला एका गोडाऊनमध्ये कामाला आहेत. गेल्या आठवड्यात मंगळवारी सगळं तुंबलं तेव्हा हिंदमाताहून दादर स्टेशनपर्यंत मांडीभर पाण्यातून चालत आले. वाटेत चप्पल तुटली, उरलेला रस्ता अनवाणी. त्यांना दर पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, तशा तेव्हाही होत्या.

परवा शुक्रवारी सकाळी एकदम थंडी वाजून १०३ ताप. काल रक्त तपासलं. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, लेप्टो आयजीएम निगेटिव्ह. प्लेटलेट ९६ हजार. आज संध्याकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिलं, १०० ची, दिवसातून दोनदा. सासूबाई म्हणतात, रिपोर्टमध्ये नाही तर अँटिबायोटिक कशाला, आधीच तोंडाला चव नाही. जाऊबाईंचंही तेच. गोळीचं पाकीट टेबलावर पडून आहे. काय करावं?

रटाळराव

हिंदमाता ते दादर मांडीभर पाण्यातून! तिकीट किती लागलं?

अमृतवेल

प्लेटलेट ९६ हजार म्हणजे डेंग्यूच. टेस्ट चुकते कधी कधी. पपईच्या पानांचा रस, किवी, आणि आराम. अँटिबायोटिक डेंग्यूवर चालत नाही, त्यामुळे सासूबाईंचं बरोबर आहे. माझ्या मुलीला मागच्या वर्षी अगदी असंच झालं होतं.

प्रयोगशाळेतली

शलाका, रक्त तापाच्या कितव्या दिवशी दिलं ते बघ. शुक्रवारी ताप, शनिवारी नमुना, म्हणजे दुसरा दिवस. आयजीएम टेस्ट जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध अंगाने बनवलेली प्रतिपिंडं शोधते. ती दिसायला तापाचा पाचवा-सातवा दिवस उजाडतो. दुसऱ्या दिवशी निगेटिव्ह येणारच, लेप्टो असला तरी आणि नसला तरी. आमच्या काउंटरवर रोज हे चालतं. लोक निगेटिव्हचा कागद घेऊन आनंदाने घरी जातात.

पहिल्या दिवसांत पीसीआर जास्त कामाचं, कारण तेव्हा जंतू रक्तातच फिरत असतो. पण ते सगळीकडे होत नाही आणि एका दिवसात हातात पडतंच असंही नाही.

मूत्रपिंडवाला

रोगी न बघता औषध सांगत नाही, हे इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे. पण इथे औषध ज्याने रोगी बघितला त्यानेच दिलंय, आणि त्याने डोकं वापरलंय. पुरात चालणं, पायाला चिखल्या, दहाव्या दिवशी थंडी वाजून ताप. साधारण पाच ते चौदा दिवसांत ताप येतो, क्वचित महिनाही लागतो. तुमचा हिशोब बरोब्बर मध्ये बसतो.

दोन गोष्टी विचारतो. पोटऱ्या दाबल्या तर कळवळतात का? डोळे लाल आहेत का, आणि लाल असूनही चिपडं नाहीत असं आहे का?

शलाका_परळ

आत्ता जाऊन दाबून बघितल्या. ओरडलेच. डोळे लाल आहेत, जागरणाने असतील असं आम्हाला वाटत होतं. चिपडं नाहीत.

मूत्रपिंडवाला

मग टेबलावरचं पाकीट उघडा. काहीतरी खाऊन, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर, बसून घ्यायची आणि लगेच आडवं पडायचं नाही, नाहीतर ती गोळी अन्ननलिकेत अडकून जळजळते. उद्या सकाळी मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, काविळीसाठी बिलिरुबिन, पोटॅशियम आणि परत प्लेटलेट. आणि ताप उतरवायला फक्त पॅरासिटामोल. अंग दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन किंवा आयब्युप्रोफेन नको. ह्या आजारात मूत्रपिंड आधीच अडचणीत असतं, त्यात ही औषधं त्याचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात.

अमृतवेल, डेंग्यूचा संशय तुमचा चुकीचा नाही. पहिल्या तीन दिवसांत दोन्ही सारखेच दिसतात आणि प्लेटलेट दोन्हीत उतरतात. म्हणूनच तर गोळी द्यायची. डेंग्यू निघाला तर डॉक्सी फुकट गेली, फारतर मळमळ झाली. लेप्टो निघाला आणि गोळी दिली नव्हती, तर गेलेले तीन दिवस परत मिळत नाहीत.

बोका_आणि_कुत्रा

आमच्या लॅब्रेडॉरला दरवर्षी लेप्टोची लस देतो. भाऊजींना का नाही दिली? व्हेटकडे सातशे-आठशेत होते.

रटाळराव

भाऊजींना पट्टा पण घ्या मग.

मूत्रपिंडवाला

हसू नका, प्रश्न रास्त आहे. लेप्टोस्पायराचे प्रकार खूप आहेत आणि लस त्यातल्या जेवढ्या प्रकारांची बनवली तेवढ्यापुरतीच चालते. माणसांसाठी काही देशांत आहे, आपल्याकडे सर्रास मिळत नाही. पण कुत्र्याला द्याच, कारण तोही लघवीतून जंतू टाकतो. पाण्यात येतो तो मुख्यतः उंदराच्या मुतातून. उंदराच्या मूत्रपिंडात हा जंतू सुखाने घर करून राहतो, उंदराला काही होत नाही. गुरं आणि डुकरंही आहेतच.

भातखाचर

आमच्याकडे सिंधुदुर्गात ह्याला पूर लागत नाही. लावणीच्या दिवसांत सकाळी सातपासून घोटाभर चिखलात, पायाला भेगा, हाताला कोयत्याची खरचट. खाचरात उंदीर असतातच. दर वर्षी आरोग्यसेविका गोळ्या घेऊन बांधावर येते, आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम. निम्मी माणसं घेतात, निम्मी खिशात घालतात. आमचे शेजारी त्यातले दुसरे. ताप आला तर म्हणाले, उन्हातान्हात काम केलं म्हणून. चौथ्या दिवशी डोळे पिवळे, तर कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. पाल्याचा रस नाकात घालतात तो. दोन दिवस तिथे गेले. मग ओरोसला नेईपर्यंत दम लागला होता आणि थुंकीत रक्त होतं. वाचले नाहीत.

कलिना_२००५

थुंकीत रक्त वाचून अंगावर काटा आला.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. माझा मोठा भाऊ तेव्हा २९ चा, रात्रभर कुर्ल्याहून कलिन्यापर्यंत कमरेएवढ्या पाण्यातून आला आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीतला चिखल उपसायला परत उतरला. पुढचं जसं आठवतं तसं लिहितो, कारण आम्ही कुठे चुकलो ते त्यात आहे.

ऑगस्टच्या पाच तारखेला ताप. पहिला दिवस क्रोसिन. दुसऱ्या दिवशी गल्लीतले डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे, सगळीकडे चाललंय. पाण्यातून चालल्याचं त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. त्या दिवशी अख्खी मुंबई पाण्यातून चालली होती, त्यात सांगण्यासारखं काय वाटणार. तिसऱ्या दिवशी पाय इतके दुखायला लागले की संडासला जाताना भिंत धरायचा. कंबरेत इंजेक्शन मिळालं, दुखणं थांबलं म्हणून आम्ही खूश. पाचव्या दिवशी ताप उतरला. आई म्हणाली, सुटलो.

सहाव्या दिवशी डोळे हळदीसारखे. नुसते पिवळे नाहीत, लाल आणि पिवळं मिसळून नारिंगी. आम्ही म्हटलं कावीळ झाली, तेल-तूप बंद केलं. सातव्या दिवशी उचक्या सुरू झाल्या, थांबेनात. तेव्हा हॉस्पिटलमध्ये नेलं. बिलिरुबिन १८, क्रिएटिनिन ५.८. तिथल्या डॉक्टरणीने विचारलं, लघवी होते का? आम्ही छातीठोक सांगितलं, भरपूर होते. ती म्हणाली, लघवी होते आणि तरीही मूत्रपिंड बंद आहे. ते मला आजतागायत नीटसं कळलेलं नाही.

चार वेळा डायलिसिस झालं. तीन आठवड्यांनी घरी आला. आज ठणठणीत आहे, त्याच सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि सगळ्यांशी भांडतो.

मूत्रपिंडवाला

एवढं नेमकं क्वचितच कोणी लिहितं. दोन गोष्टी उलगडून सांगतो.

एक, मधला उतरलेला ताप. जंतू पहिले चार ते सात दिवस रक्तात असतो. मग शरीर प्रतिपिंडं बनवतं, रक्तातला जंतू कमी होतो, ताप खाली येतो. पण तोवर तो यकृतात, मूत्रपिंडात, फुफ्फुसात बसलेला असतो आणि दुसरा अंक सुरू होतो. काहींना ही मधली उसंत मिळतच नाही, ताप सलग चालतो आणि त्यातच डोळे पिवळे होतात. ज्यांना मिळते ते घरी थांबतात.

दोन, लघवी. मूत्रपिंडात रक्त गाळून झाल्यावर कामाचं परत ओढून घेणाऱ्या बारीक नळ्या असतात. हा जंतू नेमका त्या नळ्यांवर जातो. त्यामुळे मीठ आणि पोटॅशियम लघवीतून वाहून जातं, पाणीही जातं, पण घाण मागे राहते. म्हणून लघवी दिसते आणि क्रिएटिनिन चढतं. मूत्रपिंड बिघडलं की पोटॅशियम वाढतं असं आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. इथे ते बऱ्याचदा कमी निघतं. पुराचा ताप, वाढलेलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम ३.२, असं दिसलं की मी लेप्टोच्या रिपोर्टची वाट बघत नाही. लघवी पूर्ण थांबली तर ती पुढची पायरी, आणि तेव्हा काम अवघड होतं.

कावीळही वेगळी. भावाचं यकृताच्या तपासणीतलं एसजीपीटी आठवतं का?

कलिना_२००५

फाईल जपून ठेवलीय. थांबा. एसजीपीटी ८८.

मूत्रपिंडवाला

बघा. बिलिरुबिन १८ आणि एसजीपीटी ८८. हिपॅटायटिसची एवढी कावीळ असती तर एसजीपीटी हजारात गेलं असतं. इथे यकृताच्या पेशी फारशा मरत नाहीत, त्यांच्यातले सांधे सैल होतात आणि पित्त रक्तात पाझरतं. म्हणून कावीळ भीतीदायक दिसते, पण माणूस यकृताने सहसा जात नाही. मूत्रपिंडही डायलिसिसने सांभाळलं की बहुतेकांचं भरून येतं. जातो तो फुफ्फुसातल्या रक्तस्रावाने, भातखाचर यांच्या शेजाऱ्यांसारखा. त्याला आमच्याकडेही हमखास उत्तर नाही.

शलाका_परळ (सोमवार, सकाळी ७.२०)

रात्र वाईट गेली. अकराला गोळी दिली. दोनच्या सुमारास एवढी हुडहुडी भरली की पलंग हलत होता, ताप १०४. जाऊबाई मला म्हणाल्या, तुमच्या गोळीने झालं. पहाटे घाम येऊन उतरला. आता पुढची गोळी कोणत्या तोंडाने देऊ?

प्रयोगशाळेतली

द्यायची. पण आधी रक्त दे.

मूत्रपिंडवाला

पहिल्या डोसनंतर काही तासांत असं होऊ शकतं. जंतू एकदम मरतात, त्यांचे तुकडे रक्तात सुटतात, त्याची थंडी. तीच असेल असं इथे बसून छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, आजार वाढल्यानेही होऊ शकतं. म्हणून आज डॉक्टरांकडे जायचंच, फोनवर भागवू नका. आणि शिरताना पहिलं वाक्य हे म्हणा की अमुक तारखेला मांडीभर पाण्यातून चालले, ताप चौथ्या दिवशी आहे.

शलाका_परळ (सोमवार, दुपारी २.५०)

क्रिएटिनिन १.९. बिलिरुबिन २.४. पोटॅशियम ३.३. प्लेटलेट ७१ हजार. डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन सरळ ॲडमिट करायला सांगितलं. सेफ्ट्रायॅक्सोन शिरेतून सुरू झालंय. नर्सने लघवीचं मापटं दिलंय, सासूबाई वहीत आकडे लिहितायत. काल गोळीला विरोध करणाऱ्या त्याच. डोळे अजून पांढरे आहेत हो, मग २.४ कसं?

मूत्रपिंडवाला

कागदावर आधी चढतं. ट्यूबलाइटखाली अडीच-तीनपर्यंतची कावीळ सुटते, खिडकीशी नेऊन बघा. आकडे एक-दोन दिवस आणखी वाढतील, औषध लागू पडत नाही असं समजू नका. श्वास जलद होणं, खोकला, थुंकीत तांबडं, लघवी कमी होणं, ह्यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी नर्सला उठवा.

गणिती_गोविंद

मूळ प्रश्नाला धरून वेगळी शंका. ताप आल्यावर काय ते कळलं. पण पाण्यातून आल्या आल्या सगळ्यांनीच गोळी खावी का? महापालिका सांगते, ७२ तासांच्या आत डॉक्टरला दाखवून घ्या. आमच्या ऑफिसचे सहाजण त्याच दिवशी त्याच पाण्यातून गेले. एकानेही घेतली नाही, सहाही मजेत. लाखो लोकांनी अँटिबायोटिक खाणं योग्य आहे का?

भातखाचर

सहाही मजेत आहेत ही बातमी नाही, नशीब आहे.

गणिती_गोविंद

नशिबाचाच हिशोब विचारतोय. पुरावा काय?

मूत्रपिंडवाला

पुरावा आहे, पण वाटतो तितका साफ नाही. पनामाच्या जंगलात प्रशिक्षणाला गेलेल्या ९४० अमेरिकन सैनिकांवरचा अभ्यास १९८४ साली छापून आला. निम्म्यांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सी, निम्म्यांना बिनऔषधाची गोळी. बिनऔषधवाल्यांत २० जणांना लेप्टो झाला, डॉक्सीवाल्यांत एकाला. मग अंदमानात, जिथे हा आजार कायमचा आहे, तसाच प्रयोग झाला. तिथे गोळीने संसर्ग फारसा थांबला नाही, पण आजारी पडणाऱ्यांची संख्या घटली. म्हणजे ती छत्री आहे, भिंत नाही. गोळी घेतलेल्यालाही ताप आला तर दाखवायलाच हवं.

माझं मत म्हणाल तर पायाला जखम, भेगा, चिखल्या असतील किंवा दिवसभर पाण्यात काम केलं असेल त्याने डॉक्टरला विचारून घ्यावी. बूट घालून दहा मिनिटं गेलेल्याबद्दल मी वाद घालणार नाही. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालचं मूल, ह्यांना डॉक्सी देत नाहीत, पर्याय वेगळा असतो. त्यामुळे घरात एकाला मिळालेलं पाकीट सगळ्यांनी वाटून खाऊ नका.

अमृतवेल

म्हणजे जखम नसेल तर धोका नाही ना? त्वचा तर अभेद्य असते.

प्रयोगशाळेतली

तासभर पाण्यात राहून बोटं सुरकुतली की ती कसली अभेद्य. आणि शिंतोडे डोळ्यात, तोंडात जातात ते वेगळंच. बस शेजारून गेली की पाण्याची लाट कुठवर येते आठवा.

कलिना_२००५

माझ्या भावाला कुठेच जखम नव्हती. निदान आम्हाला दिसली नाही.

डॉक्टरसाहेब, एक विचारायचं राहून गेलंय. पहिल्या दिवशीच गोळी मिळाली असती तर डायलिसिस टळलं असतं का?

मूत्रपिंडवाला

खरं सांगायचं तर कोणालाच ठामपणे सांगता येणार नाही. कावीळ आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडल्यावर दिलेल्या अँटिबायोटिकने किती फरक पडतो ह्यावर आमच्यातच मतभेद आहेत. देतो आम्ही तरीही. पहिल्या तीन-चार दिवसांत जंतू रक्तात असतो, औषधाच्या टप्प्यात असतो, तेव्हा दिलेल्याचा उपयोग जास्त, ह्यावर मात्र फारसं कोणी भांडत नाही. तुमच्या भावाचं टळलं असतं असं म्हणून तुम्हाला वीस वर्षांनी बोचणी लावणार नाही. एवढं नक्की की ते कमरेतलं इंजेक्शन टळायला हवं होतं.

कलिना_२००५

हं.

शलाका_परळ (पुढचा रविवार)

उशीर झाला, माफ करा. मंगळवारी क्रिएटिनिन २.६ आणि बिलिरुबिन ५ झालं, तेव्हा खिडकीशी नेऊन बघितलं आणि दिसलं पिवळं. बुधवारी २.४, शुक्रवारी १.५. डायलिसिसची गरज पडली नाही. लघवीचा वहीतला सगळ्यात कमी आकडा दिवसाला ११०० मिलि. शुक्रवारीच परत आयजीएम केलं, तापाचा आठवा दिवस. ह्या वेळी पॉझिटिव्ह. काल घरी आणलं. दोन आठवड्यांनी परत रक्त तपासायचंय.

सासूबाईंनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून विचारलं, पहिला खोटा की दुसरा? मी प्रयोगशाळेतलीचं उत्तर वाचून दाखवलं.

प्रयोगशाळेतली

दोन्ही खरे. सासूबाईंना नमस्कार सांग.

गणिती_गोविंद

भाऊजींबरोबर गोडाऊनमधून आणखी कोणी चाललं होतं का?

शलाका_परळ

चौघं होते. काल भाऊजींनीच एकेकाला फोन केले. दोघं बरे आहेत. तिसरा गावाला गेलाय, त्याच्या बायकोने सांगितलं की बुधवारपासून अंगात कणकण आहे, तिथल्या डॉक्टरांनी व्हायरल म्हटलंय. भाऊजी अजून उभं राहिलं की डगमगतात, पण त्याचा फोन लागेपर्यंत जेवायला बसले नाहीत. पाण्याचं त्याने तिथे सांगितलंच नव्हतं. आज सकाळी तालुक्याला निघालाय.

भातखाचर

कुठला तालुका? आमच्या बाजूचा असेल तर गाडी पाठवतो.